आधी उपयोग, मग ओळख

नवं अ‍ॅप फोनवर घेतल्यानंतरचं पहिलं मिनिट बहुतेकांच्या ओळखीचं आहे. उघडल्याउघडल्या तीन-चार रंगीत चित्रं एकामागून एक येतात आणि प्रत्येकाखाली अ‍ॅपच्या थोरवीचं एकेक वाक्य असतं. ती सरकवून झाली की मोबाईल नंबर मागितला जातो. मग ओटीपीची वाट. तो आला की नाव, ईमेल, जन्मतारीख. पाठोपाठ परवानग्यांची रांग लागते: ठिकाण, संपर्क यादी, नोटिफिकेशन. हे सगळं पार पडेपर्यंत त्या माणसाने ज्या कामासाठी अ‍ॅप घेतलं, ते काम सुरूही झालेलं नसतं.

या सुरुवातीच्या स्क्रीनना अ‍ॅप बनवणारी मंडळी ऑनबोर्डिंग म्हणतात. नव्या माणसाला अ‍ॅपचा पहिला खरा उपयोग लवकरात लवकर व्हावा, एवढंच तिचं काम. पण बऱ्याच ठिकाणी ही जागा माहिती गोळा करण्यासाठी वापरली जाते, कारण कंपनीच्या बैठकीत आकडा विचारला जातो तो ‘किती जणांनी नोंदणी केली’ याचा. नोंदणी मागूच नये, असं माझं म्हणणं नाही. ती कधी मागायची, याला उत्तर आहे. माणसाच्या हाती जपून ठेवावंसं काहीतरी आल्यावर मागावी, त्याआधी नाही.

याचं सगळ्यात नीट अभ्यासता येणारं उदाहरण भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोचं आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक लुईस फॉन आन आणि त्यांचा विद्यार्थी सेवेरिन हॅकर यांनी ते सुरू केलं आणि 2012 साली ते सर्वांसाठी खुलं झालं. सुरुवातीच्या काळात तिथेही आधी खातं, मग धडा असाच क्रम होता. अ‍ॅप उघडणाऱ्यांपैकी बरेच जण खात्याच्या स्क्रीनवरूनच परत जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. काही लोकांना खातं न विचारता थेट धडा दिला आणि खात्याची स्क्रीन काही पावलं मागे ढकलली. या कामात पुढे असलेल्या गिना गोटहिल्फ यांनी नंतर जाहीरपणे सांगितल्याप्रमाणे, एवढ्या बदलाने रोज अ‍ॅप वापरणाऱ्यांची संख्या सुमारे 20 टक्क्यांनी वाढली. धडे तेच होते, फक्त क्रम बदलला होता.

इथे कोणता आकडा मोजला गेला, तेही पाहण्यासारखं आहे. त्यांनी नुसती नोंदणी मोजली नाही, रोज येणारी माणसं मोजली. नोंदणी करून दुसऱ्या दिवशी विसरून गेलेला माणूस या मोजणीत येत नाही.

पुढचा प्रयोग आणखी बारीक होता. धडा संपल्यावर खातं करा, असं सांगणारी स्क्रीन यायची आणि तिच्या तळाशी मोठं लाल बटण असायचं, ‘माझी प्रगती टाकून द्या’ अशा अर्थाचं. खातं न करता पुढे जायचं असेल तर ते दाबायचं. त्यांना शंका आली की, लोक स्क्रीनवरचं सगळ्यात ठळक बटण विचार न करता दाबतात. म्हणजे शिकायची इच्छा असलेला माणूसही ते लाल बटण दाबून निघून जात असणार. म्हणून त्यांनी ते काढलं आणि त्या जागी सौम्य अक्षरात ‘नंतर’ असा शब्द ठेवला. बदल दिसायला किरकोळ आहे, पण दोन्ही शब्द वेगवेगळी गोष्ट सांगतात. पहिलं बटण म्हणतं, खातं नको असेल तर शिकलेलं विसरा. दुसरं म्हणतं, घाई नाही, पुढे चला.

त्याच सुमाराला त्यांनी दोन प्रकारच्या अडवणुकी वेगळ्या केल्या. एक मऊ, म्हणजे ‘नंतर’ म्हणून ओलांडता येणारी. दुसरी कडक, म्हणजे खातं केल्याशिवाय पुढे न सोडणारी. काही धडे झाल्यावर मऊ विनंत्या येतात आणि त्यानंतर कधीतरी कडक भिंत येते. कडक भिंत येते तेव्हा माणसाने तो विषय आधी दोनदा-तीनदा पाहिलेला असतो, त्यामुळे ती अंगावर येत नाही. मऊ आणि कडक भिंतींची ही मांडणी सुधारल्यावर रोजचे वापरकर्ते आणखी 8.2 टक्क्यांनी वाढले, असं गोटहिल्फ सांगतात.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. खात्याआधी प्रश्न विचारणं ड्युओलिंगोने बंद केलं नाही. कोणती भाषा शिकायची, ती कितपत येते, रोज किती मिनिटं देणार, हे ते धड्याच्या आधीच विचारतात. पण या उत्तरांचा उपयोग लगेच होतो. भाषा निवडली की त्याच भाषेचा धडा समोर येतो. थोडी येते असं सांगितलं तर कुठून सुरुवात करायची, ते त्यावरून ठरतं. अशा प्रश्नांचा लोकांना त्रास वाटत नाही. ज्याचं उत्तर देऊन समोर काहीच बदलत नाही, तो प्रश्न जाचतो. पहिल्या स्क्रीनवरचा मोबाईल नंबर असाच असतो. तो दिल्याने वापरणाऱ्याला त्या क्षणी काहीच मिळत नाही.

नोंदणीच्या सक्तीमुळे किती नुकसान होतं, याचा दुसरा प्रसिद्ध दाखला अमेरिकी संशोधक जॅरेड स्पूल यांनी 2009 साली लिहिला. एका मोठ्या ऑनलाईन दुकानात सामान निवडून झाल्यावर, पैसे भरण्याच्या आधी एक छोटा फॉर्म यायचा. त्यात ईमेल आणि पासवर्ड, दोनच रकाने, आणि लॉगिन व नोंदणी अशी दोन बटणं. दुकानवाल्यांना वाटत होतं की, जुन्या ग्राहकांना यामुळे सोयच होते. प्रत्यक्षात जुन्यांना आपण कोणता ईमेल दिला होता, ते आठवत नव्हतं. 45 टक्के ग्राहकांच्या नावे एकाहून अधिक खाती झाली होती. रोज सुमारे 1 लाख 60 हजार वेळा लोक विसरलेला पासवर्ड मागत होते आणि त्यांतले तीन चतुर्थांश पुढे खरेदी पूर्णच करत नव्हते. उपाय म्हणून नोंदणीचं बटण काढून ‘पुढे चला’ असं बटण ठेवलं आणि खरेदीसाठी खात्याची गरज नाही, असं एक वाक्य लिहिलं. खरेदी पूर्ण करणारे ग्राहक 45 टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षी विक्री 30 कोटी डॉलरने.

आता हेच आपल्याकडच्या एका कामात उतरवून पाहू. समजा किराणा दुकानदारांसाठी उधारीची वही ठेवणारं अ‍ॅप बनवायचं आहे. आधी ठरवायचं ते हे की, दुकानदाराला अ‍ॅपचा पहिला उपयोग नेमका कोणत्या क्षणी होतो? ‘हिशेब सोपा झाला’ हे फार ढोबळ उत्तर झालं. क्षण असा हवा की, तो स्क्रीनवर बोट ठेवून दाखवता येईल. माझ्या मते तो क्षण आहे पहिल्या गिऱ्हाईकाची उधारी लिहिली आणि त्या नावापुढे येणं रक्कम दिसली, हा. बाकी सगळं, म्हणजे आठवणीचा मेसेज, महिन्याचा अहवाल, दुसऱ्या फोनवर वही उघडणं, नंतरचं आहे.

या क्षणापर्यंत पोचायला किती स्क्रीन लागतात? मला तर दोन पुरेशा वाटतात. पहिलीवर भाषा, कारण तिच्यावाचून पुढचं वाचता येणार नाही. दुसरीवर थेट वही, वर एकच ठळक ओळ, ‘पहिली उधारी लिहा’, आणि खाली नाव व रक्कम असे दोन रकाने. दुकानाचं नाव नको, पत्ता नको, जीएसटी क्रमांक नको. ‘पाटील काकू, 250’ एवढं लिहून बोट दाबलं की त्यांच्या नावापुढे ‘येणे 250’ दिसलं पाहिजे. नेटवर्क नसलं तरी दिसलं पाहिजे, कारण ही नोंद तूर्त फोनवरच साठते.

इथे एक चूक नेहमी होते. अ‍ॅप उघडल्यावर रिकामी यादी दिसते, तिथे ‘अद्याप एकही नोंद नाही’ असं लिहिलेलं असतं आणि नवी नोंद करायचं बटण कोपऱ्यात कुठेतरी अधिकचं चिन्ह होऊन बसलेलं असतं. सरावलेल्या माणसाला ते कळतं, पहिल्यांदा आलेल्याला नाही. मग त्यावर इलाज म्हणून बाण दाखवणाऱ्या सूचनांची माळ लावली जाते. लोक ती न वाचता पुढे दाबत सुटतात. मोकळ्या जागेतच पहिली नोंद लिहायचा रकाना ठेवला तर या सूचनांची गरज उरत नाही. नमुन्याच्या खोट्या नोंदी भरून ठेवायचा मार्ग काही जण घेतात. चित्रांच्या किंवा तक्त्यांच्या अ‍ॅपमध्ये तो चालतो. पैशांच्या वहीत मात्र अनोळखी नावांपुढे रकमा दिसल्या की माणूस बिचकतो, म्हणून इथे मी तो घेणार नाही.

परवानग्यांचंही तसंच. अँड्रॉइडमध्ये 2015 पासून परवानगी गरज पडेल तेव्हा मागता येते आणि नोटिफिकेशनलाही 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून वेगळी परवानगी लागते. दुकानदाराने ‘गिऱ्हाईक संपर्कातून निवडा’ हे बटण दाबलं, तर त्याच वेळी संपर्क यादी मागावी. कशासाठी ते समोरच दिसत असतं. उघडल्याउघडल्या मागितली आणि त्याने नकार दिला, तर तो नकार टिकतो. आयफोनवर तीच परवानगी पुन्हा विचारणारी चौकट येत नाही. पुढे कधी गरज पडली तर माणसाला सेटिंगमध्ये शोधत जावं लागतं आणि तिथवर फारसं कोणी जात नाही.

आता खातं कधी? उधारीच्या वहीत त्याचं खरं कारण आपोआप तयार होतं. चार-पाच गिऱ्हाइकं लिहून झाली, दोन दिवस वापर झाला, की फोन हरवला तर काय, हा प्रश्न खराखुरा होतो. त्या वेळी वहीच्या वर एक पट्टी यावी: ‘तुमच्या 6 नोंदी फक्त या फोनवर आहेत. मोबाईल नंबर जोडा, म्हणजे फोन बदलला तरी वही राहील.’ बाजूला ‘नंतर’. यातला आकडा खरा असला पाहिजे आणि परिणामही. ‘नंतर’ म्हणणाऱ्याची वही अडवायची नाही. नोंदी वाढल्या की पट्टी पुन्हा येऊ दे. गिऱ्हाइकाला अ‍ॅपमधून आठवणीचा मेसेज पाठवायचा असेल किंवा वही मुलाच्या फोनवरही हवी असेल, तेव्हा मात्र भिंत कडक असायला हरकत नाही. नंबराशिवाय ते काम होतच नाही, हे दुकानदारालाही पटतं.

नंबर मागायची वेळ आली, तरी तो हलक्या हाताने घेता येतो. फोनमधल्या सिमचा नंबर अँड्रॉइड सुचवू शकतं आणि ओटीपी वाचायला सगळे मेसेज पाहण्याची परवानगी लागत नाही. स्वस्त फोनवर आणखी एक अडचण येते. ओटीपी पाहायला माणूस मेसेजमध्ये जातो, तेवढ्यात कमी मेमरीमुळे फोन मागचं अ‍ॅप बंद करतो आणि परत आल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. टाकलेला नंबर आणि ओटीपीची स्क्रीन फोनमध्ये साठवून ठेवली तर हे टळतं. महागड्या फोनवर चाचणी करणाऱ्या चमूला ही अडचण कधी दिसतच नाही.

खातं मागे ढकलण्याची एक किंमत असते आणि ती बहुतेक वेळा कोडमध्ये मोजावी लागते. खातं नसलेल्या माणसाचं काम कुठे तरी ठेवावं लागतं. साधारण रीत अशी की, अ‍ॅप पहिल्यांदा उघडताच त्याला एक निनावी ओळख देतात. गूगलच्या फायरबेससारख्या सेवांमध्ये ही सोय तयार मिळते. नोंदी त्या निनावी ओळखीखाली जमतात. नंबर दिला की तीच ओळख नंबराशी जोडली जाते आणि नोंदी जागच्या जागी राहतात. सरळ वाट ही अशी.

वाकडी वाट तेव्हा येते, जेव्हा दुकानदाराचं त्या नंबरावर आधीच एक खातं असतं. मागच्या वर्षी वापरलं होतं, फोन बदलला, नव्या फोनवर चार नोंदी केल्या आणि मग नंबर टाकला. आता वह्या दोन आहेत. अशा वेळी जोडणी नाकारली जाते आणि निष्काळजी अ‍ॅप जुनं खातं उघडून नव्या चार नोंदी गुपचूप टाकून देतं. दुकानदाराच्या दृष्टीने त्याने लिहिलेले पैसे नाहीसे झाले. यानंतर तो त्या अ‍ॅपवर विसंबणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे. योग्य रीत म्हणजे विचारणं: ‘या नंबरावर 38 गिऱ्हाइकांची जुनी वही आहे. नव्या 4 नोंदी तिच्यात मिळवू?’ आणि दोन्हीकडे ‘पाटील काकू’ असतील, तर रकमा आपल्या मनाने एकत्र न करता दोन्ही दाखवणं. खात्याआधी काम करू देणारं अ‍ॅप नीट बांधलंय की नाही, हे पाहायचं असेल तर मी सगळ्यात आधी हीच जागा तपासेन. शिवाय पहिल्याच स्क्रीनवर ‘आधीचं खातं आहे’ हा छोटा दुवा हवा, म्हणजे जुना माणूस या फेऱ्यात अडकतच नाही.

सगळीकडे खातं मागे ढकलता येत नाही. यूपीआयच्या अ‍ॅपला सिम आणि बँक खातं जुळवल्याशिवाय एक रुपयाही हलवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नंबर हीच ओळख आहे, तो नसेल तर मेसेज जाणार कोणाला? तिथे आधी विचारणं रास्त आहे. दुसऱ्या टोकाला, खात्याची कधीच गरज नसलेली अ‍ॅप आहेत. गाडी कुठवर आली, ते सांगणारं ‘व्हेअर इज माय ट्रेन’ महाराष्ट्रात असंख्य प्रवासी वापरतात. भाषा निवडा, गाडी शोधा, बस. मोबाईल टॉवरवरून अंदाज घेत ते इंटरनेट नसतानाही चालतं. ते बनवणारी बेंगळुरूची कंपनी 2018 साली गूगलने विकत घेतली, म्हणजे खाती न जमवताही धंदा मोलाचा होऊ शकतो.

नियमही आता याच बाजूचे आहेत. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरची अट आहे की, खात्यावर आधारलेलं काही महत्त्वाचं काम अ‍ॅपमध्ये नसेल, तर लोकांना लॉगिनशिवाय वापरू द्यावं. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ठरलेल्या कामासाठी लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली आहे. कायद्याने दिलेलं उदाहरणच बोलकं आहे. फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने संपर्क यादीची संमती घेतली, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नसल्यामुळे संमती फक्त सल्ल्याच्या कामापुरतीच धरली जाते.

राहिला मोजमापाचा प्रश्न आणि चांगले बदल बहुतेक वेळा इथेच परतवले जातात. आपल्या वहीचे काल्पनिक आकडे घेऊ. जुन्या पद्धतीत 1000 जणांनी अ‍ॅप उघडलं, 600 जणांनी ओटीपी पूर्ण केला आणि 300 जणांनी पहिली उधारी लिहिली. नव्या पद्धतीत 1000 जणांनी उघडलं, 700 जणांनी उधारी लिहिली आणि त्यांतल्या 420 जणांनी पुढे नंबर जोडला. नोंदणीचा तक्ता पाहणारा म्हणेल, 600 वरून 420 वर आलो, घसरण झाली. पण जुन्या 600 मधल्या निम्म्यांनी एकही नोंद केली नव्हती आणि नव्या 420 पैकी प्रत्येकाच्या वहीत काहीतरी आहे. म्हणून मोजायचं ते अ‍ॅप उघडणाऱ्या सगळ्यांना धरून. पहिल्या उघडण्यापासून पहिल्या नोंदीपर्यंत किती वेळ गेला आणि सात दिवसांनी किती जण परत आले, हे दोन आकडे पुरतात. एकच जपायचं. अ‍ॅप काढून पुन्हा घेतलेला निनावी माणूस नवा म्हणून मोजला जातो, त्यामुळे परत येणाऱ्यांचं प्रमाण कागदावर खऱ्याहून कमी दिसतं.

वाचकांपैकी जे अ‍ॅप बनवतात किंवा बनवून घेतात, विशेषतः नगरपालिका, ग्रंथालयं, परिवहन सेवा आणि सहकारी संस्थांतले, त्यांना माझी विनंती आहे. तुमचं अ‍ॅप कोऱ्या फोनवर उघडा आणि पहिल्या उपयोगाआधी विचारलेला प्रत्येक प्रश्न कागदावर लिहा. त्याचं उत्तर पुढच्या कोणत्या स्क्रीनवर वापरलं जातं, ते त्याच्यासमोर लिहा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही, तो प्रश्न काढा किंवा मागे न्या. आणि बसचं वेळापत्रक पाहण्यासाठी ओटीपी लागत असेल, तर तो या महिन्यातच काढून टाका.